गेट उघडण्याआधी आत बघा: फुटबॉल मैदानावरची गर्दी कशी मोजायची, कशी आत घ्यायची, कशी बाहेर काढायची

१५ एप्रिल १९८९. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफए कपचा उपांत्य सामना होता. सुरू व्हायची वेळ दुपारी तीन. लिव्हरपूलच्या समर्थकांना लेपिंग्ज लेनच्या बाजूची जागा दिली होती. तिथल्या उभं राहून बघायच्या पायऱ्यांची १०,१०० तिकिटं होती आणि त्या सगळ्यांसाठी टर्नस्टाईल, म्हणजे एका वेळी एकच माणूस आत सोडणारी फिरती फाटकं, होती फक्त सात.

इथेच थांबून गणित करू. एका टर्नस्टाईलमधून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं जातात, असं ब्रिटनमधल्या मैदान-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत धरतात. मुखपृष्ठाच्या रंगावरून तिला सगळे ‘ग्रीन गाईड’ म्हणतात. मिनिटाला अकरा माणसं, म्हणजे एकाला साडेपाच सेकंद. सात फाटकांतून मिनिटाला ७७. नंतरच्या चौकशीत नोंदीवरून दिसलं, की अडीच वाजेपर्यंत या सात फाटकांतून ४,३८३ माणसं आत गेली होती. उरली ५,७१७. भागाकार करा: ७४ मिनिटं. म्हणजे कोणी ढकललं नाही, सगळे शिस्तीत रांगेत उभे राहिले, तरी शेवटचा माणूस पावणेचारच्या सुमारास आत जाणार. हे अडीच वाजता कागदावर मांडता आलं असतं. खरं तर तिकिटं छापायच्या आधीच मांडता आलं असतं.

त्या दिवसाच्या जखमांनी एकूण ९७ जण गेले, शेवटचा माणूस २०२१ मध्ये. गर्दीच्या सुरक्षेबद्दल जे काही शिकायचं ते जवळपास सगळं या एका दुपारी सापडतं, म्हणून हा लेख मी तिच्याच आधाराने लिहितोय. वाचणारा कोल्हापुरात तालमीच्या संघांची स्पर्धा भरवणारा असेल, नाहीतर गोव्यात गावच्या मैदानावर सामने घेणारा. आकडे लहान होतील, गणित तेच राहतं.

पहिलं काम: तिकिटं किती विकायची ते ठरवणं

आपल्याकडे मैदानाची क्षमता म्हणजे बसायच्या जागा मोजायच्या, अशी समजूत आहे. जागा हा चार आकड्यांपैकी एक आकडा झाला. दुसरा आकडा म्हणजे एका तासात किती माणसं आत येऊ शकतात. तिसरा, सामना संपल्यावर आठ मिनिटांत किती बाहेर पडू शकतात. आणि चौथा, आणीबाणीत त्याहून कमी वेळात किती बाहेर पडू शकतात. चारांपैकी जो सगळ्यात लहान, तेवढीच तिकिटं. आणि हे अख्ख्या मैदानाचं एकदा करून भागत नाही, प्रत्येक स्टँडचं वेगळं करायचं.

एक काल्पनिक स्टँड घेऊ. सिमेंटच्या पायऱ्यांची गॅलरी, ५,००० माणसं बसतील अशी. आत यायला पाच दारं. खाली उतरायला तीन जिने, प्रत्येकी १.८ मीटर रुंद. त्याखाली रस्त्यावर उघडणारी दोन फाटकं, प्रत्येकी २.४ मीटर.

आधी आत येणं. इथे ६६० हा आकडा डोळे झाकून घेऊ नका. तो कमाल आकडा आहे, आणि आपल्याकडे दारावर झडती असते. मी एका स्पर्धेत स्टॉपवॉच घेऊन गेटवर उभा राहिलो होतो. सुरुवातीला माणसामागे सहा-सात सेकंद लागत होते. मग एकजण हेल्मेट घेऊन आला. आत न्यायचं की नाही यावर त्याचं आणि हवालदाराचं बोलणं सुरू झालं आणि चाळीस सेकंद गेले. त्याच्यामागे दोन पोरं ढोल घेऊन. मग एकाच्या मोबाईलवर तिकीट उघडेना. पंधरा मिनिटांची सरासरी काढली तर मिनिटाला नऊ माणसं पडली, तासाला ५४०. पाच दारांचे २,७००. गॅलरी पाच हजारांची असली तरी एका तासात आत येणार एवढेच.

आता बाहेर पडणं. ग्रीन गाईडच्या हिशेबाने सपाट वाटेवर दर मीटर रुंदीमागे मिनिटाला ८२ माणसं जातात, जिन्यावर ६६. तीन जिन्यांची मिळून रुंदी ५.४ मीटर. ५.४ × ६६ × ८ म्हणजे साधारण २,८५०. खालच्या फाटकांचे ४.८ × ८२ × ८ म्हणजे ३,१५० च्या आसपास. दोन्हींत अरुंद जागा जिने, म्हणून आकडा जिन्यांचा.

आणीबाणीचा वेळ आगीच्या धोक्यावर ठरतो. लाकडी छत, खाली सामानाची गोदामं असतील तर अडीच मिनिटं, उघडी सिमेंटची गॅलरी असेल तर आठपर्यंत. आपण सहा धरू: ५.४ × ६६ × ६ म्हणजे सुमारे २,१४०. इथे मी आणखी एक करतो, एक जिना बंद आहे असं समजून परत मोजतो. आग लागली तर ती कुठल्यातरी जिन्याजवळच लागणार. दोन जिन्यांचे होतात १,४२५.

पाच हजारांची गॅलरी चौदाशेवर आली. आयोजक इथे वैतागतात, आणि वैतागणं साहजिक आहे. पण मार्ग आहेत. मैदानाच्या बाजूच्या जाळीत १.२ मीटर रुंदीची चार दारं काढली, गॅलरीतून सरळ चालत त्यांच्यापर्यंत पोचता आलं आणि मैदानातून पुढे बाहेर जायची मोकळी वाट असली, तर ४.८ × ८२ × ६ म्हणजे आणखी २,३६० माणसं त्या बाजूने निघतात. मग आणीबाणीचा आकडा पावणेचार हजारांवर जातो आणि सगळ्यात लहान आकडा उरतो दारांचा, २,७००. आता दारं वाढवा किंवा झडती वेगळ्या टप्प्यावर घ्या. खर्च कुठे करायचा हे या चार आकड्यांवरून कळतं. ऐसपैस कमान बांधून काही होत नाही.

दुसरं काम: दाराबाहेरची गर्दी

हिल्सबरोला दाराबाहेरची जागा अरुंद होती. मागून येणाऱ्याला पुढची दाटी दिसत नव्हती, आणि पुढच्याला मागे जाता येत नव्हतं. म्हणून पहिली चाळणी दारापासून लांब हवी. शंभर-दीडशे मीटरवर, जिथे रस्ता रुंद आहे तिथे, बॅरिकेड लावून तिकीट नुसतं बघायचं. ज्याच्याकडे तिकीट नाही तो तिथूनच वळतो. दाराशी पोचलेल्या माणसाला परत पाठवायचं म्हणजे तो गर्दीच्या उलट्या दिशेने जाणार, आणि रांग तिथेच तुटते.

दाराला कुलूप आणि समोर वाढती गर्दी, हा प्रकार तर अजिबात नको. दार चालू असेल तर माणसं हळूहळू का होईना पुढे सरकतात. बंद दारासमोर ती फक्त दाटत जातात. कॅमेरूनमध्ये याउंदेच्या ओलेंबे मैदानाबाहेर जानेवारी २०२२ मध्ये आठ जण गेले, ते अशाच एका प्रवेशद्वारापाशी.

तिसरी गोष्ट सामन्याची वेळ. सामना सुरू व्हायच्या अर्धा तास आधी प्रत्येक दारावरचा आकडा मागवा. बाहेर किती उरले आणि मिनिटाला किती आत जातात, भागाकार करा. उत्तर तीस मिनिटांच्या वर आलं तर सामना पुढे ढकला, आणि ते लगेच बाहेरच्या लाउडस्पीकरवर सांगा. बाहेरचा माणूस ढकलतो तो शिट्टी चुकेल या भीतीने. ती भीती गेली की दाब तिथल्या तिथे उतरतो. याच हिल्सबरोला दोन वर्षं आधी, १९८७ च्या उपांत्य सामन्यात, सुरुवात पंधरा मिनिटं पुढे ढकलली होती. १९८९ ला ढकलली नाही.

तिसरं काम: आतले कप्पे

बाहेरचा दाब असह्य झाल्यावर २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी ‘सी’ नावाचं मोठं फाटक उघडलं. पाचेक मिनिटांत सुमारे दोन हजार माणसं आत आली. बाहेर माणसं चिरडत होती, तेव्हा फाटक उघडणं ही चूक म्हणता येणार नाही. चूक पुढची होती. फाटकातून आत आल्यावर नाकासमोर एक बोगदा दिसायचा. उभं राहायच्या पायऱ्या कुंपणं घालून कप्प्यांत विभागल्या होत्या. बोगदा उतरता होता आणि सरळ मधल्या तीन आणि चार नंबरच्या कप्प्यांत जायचा. ते कप्पे पावणेतीनलाच भरून वाहत होते. बाजूचे कप्पे मोकळे होते, पण तिकडे जायची वाट कोपऱ्यातून होती आणि पाटी ठळक नव्हती. आदल्या वर्षी याच मैदानावरच्या उपांत्य सामन्यात गर्दी वाढल्यावर बोगद्याच्या तोंडाशी माणसं उभी करून लोकांना बाजूला वळवलं होतं. त्या दिवशी तिथे कोणी नव्हतं.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे. टर्नस्टाईलवरचा आकडा सगळ्या पायऱ्यांचा मिळून होता. १०,१०० पूर्ण झाले नाहीत म्हणजे जागा आहे, असा त्याचा अर्थ लावला जाई. कुठल्या कप्प्यात किती माणसं आहेत हे कोणीच मोजत नव्हतं. मधल्या दोन कप्प्यांची परवान्यातली क्षमता २,२०० होती. नंतर तज्ज्ञांनी पायऱ्या आणि आडवे कठडे मोजून हिशेब केला तेव्हा ती सतराशेच्याही आत भरली.

म्हणून करायचं ते असं. स्टँडचे कुंपणाने वेगळे होणारे जेवढे भाग, तेवढे वेगळे आकडे. प्रत्येक भागाच्या तोंडाशी एक माणूस, हातात बोटाने दाबायचं काउंटर. भाग नव्वद टक्के भरला की तो वॉकी-टॉकीवर सांगणार आणि लोकांना पुढच्या भागाकडे वळवणार. शंभर टक्क्यांची वाट बघायची नाही, कारण तुमचा निरोप पोचेपर्यंत रस्त्यातली माणसं येतच असतात. आणि कुठलंही जादा फाटक उघडायचं असेल तर उघडणाऱ्याने आधी एकच प्रश्न विचारायचा: इथून आत आलेला माणूस सरळ चालत गेला तर कुठे पोचेल? तिथे जागा असेल तर उघडा. नसेल तर आधी ती वाट माणसं लावून अडवा, दुसरी मोकळी करा, मग उघडा.

गर्दी धोक्याच्या पातळीला गेली हे ओळखायला यंत्र लागत नाही. उभ्या प्रेक्षकांसाठी दहा चौरस मीटरमध्ये ४७ ही कमाल मर्यादा. त्यापुढे गेलं की माणसाला हात वर काढता येत नाही, पाय उचलला तर परत टेकवायला जागा मिळत नाही. वरून बघताना डोकी एकेकटी हलायची थांबतात आणि सगळी मिळून लाटेसारखी डोलतात. गोल झाला तरी त्या भागातून टाळी येत नाही. माणसं जाळीवर चढू लागतात, वरच्या मजल्यावरचे लोक खालच्यांना हात देऊन ओढून घेऊ लागतात. हिल्सबरोला हे सगळं दिसत होतं, आणि नियंत्रण कक्षातून ते मैदानात घुसण्याचा प्रयत्न वाटला. सामना थांबला ३ वाजून ६ मिनिटांनी.

आपल्या बातम्यांत अशा घटनेला ‘चेंगराचेंगरी’ म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात ‘लोक सैरावैरा धावले’ असं लिहितात. चेंगरणं हा शब्द बरोबर आहे, धावणं चूक. त्या कप्प्यांतले लोक जागच्या जागी उभे होते. छातीवर एवढा दाब होता की श्वास घेता आला नाही. पायाखाली तुडवून जाण्यापेक्षा उभ्या-उभ्या गुदमरून जाणं, असंच बहुतेक वेळा घडतं. म्हणूनच ‘घाबरू नका, पळू नका’ अशी घोषणा करून काही साधत नाही. मागून येणारा ओघ थांबवणं आणि पुढची जाळी उघडणं, एवढंच कामाचं.

समर्थक वेगळे बसवताना

कोल्हापुरात दोन तालमींचा सामना असला की समर्थकांना वेगळं का बसवायचं हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात मारामारी होऊन धावाधाव झाली आणि सोळा जण गेले. पण वेगळं बसवणं म्हणजे मध्ये जाळी ठोकणं नव्हे. ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर १९८५ साली लिव्हरपूल समर्थकांच्या शेजारचा ‘झेड’ भाग तटस्थ प्रेक्षकांसाठी ठेवला होता. ती तिकिटं फिरत-फिरत युव्हेंटसच्या चाहत्यांकडे गेली. मध्ये होती एक हलकी जाळी. ती पडली, लोक मागे सरत टोकाच्या भिंतीकडे दाटले, भिंत कोसळली. ३९ मृत्यू.

मध्ये हवी ती रिकामी पट्टी, आसनांच्या काही ओळी ताडपत्रीने झाकलेल्या आणि दोन्ही कडांना माणसं उभी. आणि वेगळेपणा रस्त्यापासून सुरू व्हायला हवा: वाहनतळ वेगळा, येण्याची वाट वेगळी, स्वच्छतागृह वेगळं, पाण्याची आणि वडापावची गाडी वेगळी. मध्यंतरात भांडण लागतं ते बहुतेक याच शेवटच्या दोन ठिकाणी. प्रत्येक बाजूला स्वतःची पुरेशी दारं आणि स्वतःचे जिने असले पाहिजेत. एका बाजूचा आणीबाणीचा मार्ग दुसऱ्या समर्थकांच्या भागातून जात असेल तर तो मार्ग धरायचाच नाही.

विभागणीची किंमतही मोजावी लागते, आणि ती किंमत हिल्सबरोत दिसते. दोन जमाव रस्त्यात भेटू नयेत म्हणून ज्या दिशेने जे येणार ती बाजू त्यांना दिली. परिणाम असा, की फॉरेस्टच्या २९,८०० प्रेक्षकांना ६० टर्नस्टाईल मिळाल्या आणि लिव्हरपूलच्या उभ्या आणि बसलेल्या मिळून २४,२५६ जणांना २३. मारामारी टाळायचा विचार झाला, दारं कोणी मोजली नाहीत. पुढे ते कुंपणही तसंच. प्रेक्षक मैदानात उतरू नयेत म्हणून उंच जाळी आणि तिला एकेक माणूस जाईल एवढी चिंचोळी दारं. आपल्या मैदानांवर अजून उंच जाळ्या आहेत. त्या काढणं हाती नसेल तर निदान दारं रुंद करा, बाहेरच्या बाजूला, म्हणजे मैदानाकडे उघडतील अशी, आणि प्रत्येकापाशी एक माणूस ठेवा ज्याला ते दार कोणाला न विचारता उघडायची मुभा आहे.

सामना संपल्यावर पाहुण्या संघाच्या समर्थकांना दहा-पंधरा मिनिटं थांबवून ठेवतात. चालेल, पण ते आधी सांगून, आणि बसल्या जागी. जिन्यात किंवा बंद फाटकापाशी थांबवायचं नाही.

आणीबाणीची तयारी

योजना दोन पानांची असावी, वीस पानांची कोणी वाचत नाही. त्यात पहिली ओळ: सामना थांबवायचा अधिकार कोणाला. एक नाव, आणि तो माणूस नसेल तर दुसरं. स्पर्धेचे अध्यक्ष पाहुण्यांच्या सत्कारात असतात, म्हणून त्यांचं नाव नको. ज्याला सगळे स्टँड दिसतात आणि ज्याला बंदोबस्ताचे पोलीस अधिकारी ओळखतात, असा माणूस हवा. पंचाशी त्याचा संपर्क कसा होणार हेही लिहून ठेवा.

दुसरं, घोषणा. ती आधी लिहून, मराठीत, निवेदकाच्या टेबलावर चिकटवलेली: ‘पूर्वेकडच्या गॅलरीतल्या प्रेक्षकांनी समोरच्या दारांतून मैदानात उतरावं, सामना थांबवला आहे.’ कोण, कुठून, कुठे, एवढंच. माईक बॅटरीवरही चालला पाहिजे. दिवे गेले तर जिन्यात उजेड राहील अशी वेगळी सोय हवी, आणि जनरेटर सुरू व्हायला किती सेकंद लागतात ते सामन्याआधी एकदा मोजा.

तिसरं, रुग्णवाहिकेची वाट. १०८ ची गाडी मुख्य फाटकापर्यंत येते आणि तिथे शेकडो दुचाकी लावलेल्या असतात. चुना मारून वाट आखा, दोन माणसं फक्त तेवढ्यासाठी उभी करा.

चौथं, अश्रुधूर. फिफाच्या सुरक्षा नियमांत गर्दी पांगवणारा वायू मैदानात बाळगायलाही मनाई आहे. इंडोनेशियात मलंगच्या कंजुरुहान मैदानावर १ ऑक्टोबर २०२२ ला तो प्रेक्षकांवर सोडला गेला. डोळे जळणारे लोक जिन्यांतून दारांकडे धावले, काही दारं नीट उघडलेली नव्हती. १३५ जण गेले. बंदोबस्ताच्या बैठकीत हा विषय अवघड असतो, तरी काढायचा. मोकळ्या रस्त्यावर जमाव पांगतो. गॅलरीत त्याला पांगायला जागाच नसते, तो जिन्यात जातो.

जिन्यांबद्दल आणखी एक. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर २ जानेवारी १९७१ ला तेरा नंबरच्या जिन्यावर ६६ जण गेले. तेव्हा सामना संपला होता, सगळे एकाच दिशेने घरी निघाले होते. कोणीतरी पडलं, आणि मागच्यांना ते दिसायचं कारणच नव्हतं. म्हणून शेवटच्या शिट्टीनंतर स्वयंसेवकांना घरी सोडू नका. जिन्याच्या वरच्या तोंडाशी दोघे हवेत, खालून हात वर झाला की वरचा ओघ अडवणारे. लांब जिन्याला मध्ये सपाट टप्पा आणि उभे कठडे असतील तर दाब सबंध उतारावर जमत नाही.

सामन्याच्या दिवशी मी फाटकं उघडायच्या दोन तास आधी एक फेरी मारतो. प्रत्येक बाहेर पडायच्या वाटेने स्वतः वरच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत चालतो. दर वेळी काही ना काही सापडतं. कधी जिन्याखाली खुर्च्यांची चळत, कधी फाटकाबाहेर उभी टेम्पो. ब्रॅडफर्डला १९८५ साली स्टँड पेटला तेव्हा लोक मागच्या बाजूच्या दारांकडे गेले आणि ती बंद होती, ५६ जण गेले. त्यामुळे बाहेर पडायच्या फाटकाला साखळी-कुलूप दिसलं की मी पहारेकऱ्याला बोलावतो. तो म्हणतो, ‘साहेब, फुकटे घुसतात. वेळ आली की उघडतो की.’ मग दोघं मिळून कुलूप काढतो, फाटकाशी फुकट्यांसाठी एक माणूस उभा करतो आणि कुलूप माझ्या पिशवीत टाकतो. शेवटचा प्रेक्षक रस्त्यावर गेल्यावर ते त्याला परत मिळतं.